ओनरच्या रकान्यात माझं नाव

ऑडिटचं डेक, म्हणजे त्रुटींच्या स्लाइड्स, माझ्याकडे आलं तेव्हा आमचे मॅनेजर रजेवर होते आणि मला क्वालिटीत येऊन जेमतेम सहा महिने झाले होते. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या आमच्या कारखान्यात इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या बनतात. काम सोपं वाटलं. स्लाइडवरची प्रत्येक त्रुटी एक्सेलमध्ये उतरवायची, पुढे उपाय, तो करून घेणारा ओनर, शेवटची तारीख आणि काम झाल्याचा पुरावा कोणता, ते लिहायचं. अकरा ओळी भराभर भरल्या. बाराव्या ओळीवर हात थांबला.

चार्जिंगच्या खोलीत हायड्रोजन साठला तर भोंगा वाजवणारा डिटेक्टर वर्षभर कुणी तपासलाच नव्हता. जोखीम: उच्च. तपासायला चार्जिंग दोन तास बंद ठेवावं लागतं, आणि ते बंद करायचा अधिकार फक्त प्रॉडक्शनच्या साहेबांना. हे साहेब मीटिंगमध्ये माणसाला सगळ्यांदेखत सोलून काढायचे. त्यांच्या नावावर ही ओळ मी टाकायची? विभागाचं नाव लिहून भागत नाही, एका माणसाचंच लागतं. मग मी माझं टाकलं आणि पंधरा दिवसांची तारीख दिली. म्हटलं, करू काहीतरी.

काहीतरी म्हणजे काय डोंबल करणार होते! तपासणीवाल्या एजन्सीनं आधी चार्जिंग बंद ठेवण्याचं पत्र मागितलं. ते घ्यायला मी दोनदा साहेबांच्या केबिनपर्यंत गेले आणि दोनदा पाणी पिऊन परत आले. तारीख उलटली, ओळ लाल झाली. मी तारीख पंधरा दिवस पुढे ढकलली, ओळ हिरवी झाली. ते बघून मला चक्क हायसं वाटलं. आज सांगतानाही लाज वाटते.

तीही तारीख उलटायला आली तेव्हा ऑडिटरबाईंचा फोन आला. पुरावा कुठे, तारीख कुणी बदलली, सगळं विचारून झालं. शेवटी त्या शांतपणे म्हणाल्या, "चार्जिंग तुम्ही बंद करू शकता?"

"नाही."

"मग तुम्ही ओनर कशा?"

फोन ठेवला आणि तशीच साहेबांच्या केबिनमध्ये शिरले. साहेबांनी ओळ वाचली, माझं नाव खोडून स्वतःचं टाइप केलं आणि चार्जिंग बंद ठेवायला दुसऱ्या दिवशीची दुपार दिली. हे महिन्यापूर्वी का सांगितलं नाही, एवढंच त्यांनी कन्नडमध्ये विचारलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी एजन्सीच्या माणसानं चाचणीचा वायू नळीनं डिटेक्टरवर सोडला. भोंगा वाजला नाही. त्यानं पुन्हा सोडला. तरी नाही.

त्या खोलीत काम करणाऱ्या चौघी अक्का दाराबाहेर थांबल्या होत्या. महिनाभर त्या रोज आठ तास आत बसल्या होत्या. त्यांच्यातल्या एकीनं मला विचारलं, आत यायचं का? मी बाहेर येऊन दारात आडवी उभी राहिले.