दहा मिलिसेकंदांची सबुरी

बेला गावात वहिनींच्या शेडनेटमध्ये मिरचीची रोपं आहेत, आणि त्यांच्यावर आपोआप तुषार सोडणारा डबा माझ्या हातचा. डबा दर मिनिटाला दोन तारांवरून सेन्सरला हवेतला ओलावा विचारतो. तो कमी भरला की मोटर सुरू. जुना सेन्सर पाणी शिरून गेला, मी नवा बसवला, आणि त्या दिवसापासून डब्याचं एकच पालुपद : उत्तर नाही.

मी तारा बदलल्या. सेन्सरही बदलला. तीन दिवस वहिनी हातपंपाने फवारत होत्या आणि मी ज्ञानी चेहरा करून स्क्रू फिरवत होतो.

"भाऊजी, उद्या आईचं डोयाचं ऑपरेशन हाये उटनूरले. हे रोपं कोनाच्या भरवश्यावर सोडू?"

मग मी लॉजिक ॲनालायझर काढला. काडेपेटीएवढी वस्तू, तारेवरचे सिग्नल कधी वर गेले, कधी खाली आले, ते लॅपटॉपवर रेघांनी दाखवते. डब्यातल्या चिपला मी ऐटीत तीन चिमटे लावले : पाठवायची रेघ, ताब्याची रेघ, आणि ऐकायची रेघ. ताब्याची रेघ वर असते तोवर तार आमच्या ताब्यात, चिप बोलते आणि तिचे कान बंद असतात. पडद्यावर नुसतं काट्यांचं रान उगवलं. अर्धा तास त्यात अर्थ शोधला, तेव्हा कळलं की ग्राउंडची तार खिशातच राहिली होती.

ती जोडली आणि रान नाहीसं झालं. आमचा प्रश्न आठ बाइट, एकही चूक नाही. ऐकायच्या रेघेवर मात्र बराच वेळ शांतता, आणि मग अचानक एक तुटका बाइट आणि चार धड. उत्तर नऊ बाइटचं हवं. हे चार कुठून टपकले? मी पुन्हा टिपलं. पुन्हा तेच चार. डोकं चालेना.

वहिनी खांद्यावरून बघत होत्या.

"ते मधली रेघ खाली आली, तवाच हे खालचं काऊन सुरू होऊन राह्यलं?"

मी मागे मोजत गेलो. एका बाइटला साधारण एक मिलिसेकंद. म्हणजे ताब्याची रेघ उतरायच्या पाच मिलिसेकंद आधीच सेन्सर बोलू लागला होता. आम्ही तार धरून बसलेलो, कान बंद, आणि त्याचं अर्धं उत्तर वाया. प्रश्न संपल्यावरही दहा मिलिसेकंद तार धरायची, ही सबुरी प्रोग्राममध्ये मीच घातली होती. जुना सेन्सर चाळीसनंतर बोलायचा, म्हणून ती खपून गेली.

शेवटचा बिट बाहेर पडताच तार सोडायची, एवढाच बदल केला. नऊच्या नऊ बाइट आले, डब्यावर ओलाव्याचा आकडा उमटला, मोटर घरघरली.

वहिनी प्रश्नोत्तराच्या तीन फेऱ्या होईपर्यंत हलल्या नाहीत. मग हातपंप माझ्या हातात दिला.

"मी जातो उद्या. पन तुमी इथंच बसाचं."

ते दहा मी कशासाठी घातले होते, ते मला अजून आठवत नाही. दुसऱ्या दिवशी शेडनेटमध्ये पंप मांडीवर घेऊन मी दिवसभर तेच आठवत बसलो, आणि दर तासाला उटनूरहून फोन यायचा : बोलून राह्यला का तो?