टीव्हीच्या पाठीवरचं कुंकू

आमच्या भागात दसऱ्याला ट्रॅक्टरपासून टीव्हीपर्यंत सगळ्यांना हळदीकुंकू लागतं. लावा की! पण नेमकं मागच्या मॉडेल नंबरच्या स्टिकरवरच? सांगलीतल्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात मी यावरून कायम चिडायचो.

कवठे महांकाळच्या एक बाई टीव्ही घेऊन आल्या. चालू केला की तो कंपनीच्या नावावरच अडकायचा, म्हणजे फर्मवेअर, टीव्ही चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, नव्यानं भरायला हवं होतं. ते प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं. नंबर वाचण्यासाठी मी स्टिकर पुसायला फडकं उचललं.

"पुसू नगा, दादा. आमच्या मालकांची बोटं हायती ती. गेल्या दसऱ्याला लावल्याली. दिवाळी न्हाई बघितली त्यांनी."

मी फडकं ठेवलं आणि मागचं झाकण खोललं. आतल्या बोर्डाच्या नंबरावरून मॉडेल शोधलं, मॅन्युअल मिळालं. त्या मॉडेलला पडद्याची दोन प्रकारची पॅनेल येतात, म्हणून पॅनेलवरचा नंबर जुळवूनच फर्मवेअर भरलं. चित्र स्वच्छ आलं.

बाईंनी पडद्याकडं पाहिलंच नाही. त्या टीव्हीच्या मागं गेल्या आणि कुंकवाच्या ठशांवर आपली बोटं टेकवून उभ्या राहिल्या.

दुकानात अजूनही असे टीव्ही भिंतीकडं तोंड करून उभे असतात. मी फडकं हातात घेतलं, की ती सगळी बोटं माझ्याकडं बघतात.