पावशेराची शिडी

माझ्या धाकट्या भावाला शाळेत सगळे पावशेर म्हणायचे. नववीत त्याच्या वर्गातल्या मुलांना मिसरूड फुटलं होतं आणि हा अजून रांगेत सगळ्यांच्या पुढे उभा. व्हॉलीबॉलचं भारी वेड, पण हात जाळ्याच्या वर जायला हवा ना. सरांनी त्याला चेंडू गोळा करायला ठेवलं. सोळा-सतराव्या वर्षी मात्र तो असा वाढला की नवा सदरा बघता बघता तोकडा व्हायचा. तोवर संघ कधीच ठरून गेला होता आणि हा सुतारकामाला लागला होता.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. आमचा शहाणा पुन्हा दूधच प्यायला गेला.

त्याची मुलगी नवव्या वर्षीच भराभर वाढू लागली. दहा संपता संपता तिला पाळी आली. भावजय घाबरली, पण भाऊ हरखला. "ताई, मी सतरापर्यंत वाढलो," मला म्हणाला. "हिची तर आत्ताच सुरुवात झालीय. हिशेब कर, कुठवर जाईल!" फळी मोजावी तशी त्याने पोरीची पुढची उंची मोजून टाकली होती. अकराव्या वर्षी ती वर्गातल्या मुलग्यांहून उंच होती, आणि गल्लीने तिचं नाव शिडी ठेवलं. खेळाच्या निवासी शाळेने तिला बघताक्षणी घेतलं. शेजारची, तिच्याच वयाची चिमणी तिच्या खांद्याला लागायची. ती चपळ होती, म्हणून शेवटच्या जागेवर कशीबशी आत आली.

तिथल्या बाई समंजस होत्या. बाराव्या वर्षी त्या भावाला म्हणाल्या, "हिला मागच्या फळीतही खेळवते. खालचे चेंडू उचलायला शिकू दे."

"माझ्या पोरीने खाली वाकायचं नाही," हा म्हणाला. "तिची जागा जाळ्यावर."

बाईंनी हात टेकले. चिमणी मात्र रोज गुडघे फोडून घेत मागे खेळत राहिली. दुसरीकडे उभं राहायला तिला जागाच नव्हती.

पुढच्या सुट्ट्यांत शिडी घरी यायची आणि भाऊ तिला भिंतीला टेकवून उभी करायचा. आधी दोन बोटं वाढ दिसली, मग एक, मग काहीच नाही. त्याने दारात सागाचा दांडा ठोकला आणि सकाळ-संध्याकाळ पोरीला लटकायला लावलं. मी एकदा चिडून म्हणाले, "अरे, ती पोर आहे, ओला टॉवेल नाही." तो हसलासुद्धा नाही. चौदाव्या वर्षी चिमणी तिच्या बरोबरीला आली. पंधराव्या वर्षी ती शिडीच्या डोक्यावरून पलीकडचं बघू लागली, आणि अजून वाढतच होती.

मोठ्या संघाची निवड त्याच वर्षी होती. शाळेच्या डॉक्टरीणबाईंनी शिडीच्या डाव्या हाताचा एक्स-रे काढला. मी भावाबरोबर गेले होते.

"हाडांतल्या वाढायच्या जागा जवळजवळ बुजल्यात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता फार तर एखादं बोट."

"औषध लिहून द्या."

"कशाचं? हिचं काही बिघडलेलं नाही. मुलींची मोठी वाढ पाळीच्या आधीच होऊन जाते, नंतर थोडी उरते. हिचं लवकर सुरू झालं, लवकर आटोपलं. अकराव्या वर्षी ही पुढे होती, कारण बाकीच्यांचं अजून सुरूच झालं नव्हतं."

"पण मी सतराव्या वर्षी..."

"तुमचं सुरूच उशिरा झालं."

 स्वतःच्या अंगावरून गेलेली गोष्ट भावाला चाळिशीत परक्या बाईने सांगितली. मला त्याचा राग आला आणि कीवही.

जाळ्यावरची जागा चिमणीला मिळाली. बाईंनी शिडीला मागच्या फळीत उभं करून पाहिलं, पण खालचा चेंडू तिच्या मनगटांवरून भलतीकडेच उडायचा. तीन वर्षं मागे खेळलेल्या मुली रांगेत होत्या. शिडीला ट्रंकेसकट घरी पाठवलं.

घरी कोणी तिला रागावलं नाही. भावजय स्वयंपाकघरातून बाहेर येईना. भाऊ कामावरून आला तेव्हा पोर दारातल्या दांड्याला लटकली होती. कोणी सांगितलं नव्हतं. तळहात लाल झाले होते.

"उतर बाळा," तो म्हणाला. "आता नको."

"थोडं थांबा ना, बाबा." तिचा आवाज ताणामुळे बारीक येत होता. "तुम्ही सतराव्या वर्षी वाढला होतात ना? मला अजून दोन वर्षं आहेत."

भावाने माझ्याकडे पाहिलं. त्याने स्टूल ओढून तिच्या पायांखाली सरकवलं. तिने गुडघे दुमडून पाय वर घेतले.