पट्टे नव्हेत, तट्टा

वाघाचे पट्टे ओळखणारा म्हणून ज्या फिल्टरचं मी भरल्या सभेत कौतुक केलं, त्याच्यापायी एका बाईला खोटारडी ठरवलं गेलं. खरं तर फिल्टरने काहीच केलं नाही, जे केलं ते मी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बऱ्याच लोकांवर चिडणार आहे, आणि त्यातून मी स्वतःला वगळलं असं कुणाला वाटायला नको.

मी मूळची वरोऱ्याची. तेव्हा चंद्रपुरात एका छोट्या कंपनीत कामाला होते. जंगलाला लागून असलेल्या गावांत आम्ही कॅमेरे बसवायचो. कॅमेऱ्यासमोर काही हललं की तो फोटो काढायचा, फोटो आमच्या नेटवर्कमधून जायचा, आणि नेटवर्कला त्यात वाघ वाटला तर गावातला भोंगा वाजायचा. भोंगा वाजला की कोणी बाहेर पडायचं नाही. एवढं साधं काम. हे नेटवर्क म्हणजे फोटोवरून सरकणाऱ्या हजारो बारीक चाळण्यांचे थर. प्रत्येक चाळणी, म्हणजे फिल्टर, एखाद्या आकाराला दाद देतो. सुरुवातीचे फिल्टर नुसत्या कडा आणि रेषा पाहतात, मधले पोत पाहतात, खोलवरचे डोळा, कान असे भाग. पण कोणता फिल्टर कशाला दाद देतो हे तो स्वतः सांगत नाही. ते काढून घ्यावं लागतं.

काढून घ्यायची रीत मला फार आवडायची. शिकलेलं नेटवर्क आहे तसं गोठवून ठेवायचं आणि त्याच्यापुढे एक निरर्थक, टीव्हीवर मुंग्या आल्यासारखं चित्र टाकायचं. मग एक फिल्टर निवडायचा आणि चित्रातला प्रत्येक ठिपका कोणत्या दिशेने बदलला तर तो जास्त चेकाळेल, याचा हिशेब करायचा. ठिपके त्या दिशेने थोडे ढकलायचे, पुन्हा हिशेब, पुन्हा ढकलायचे, असं शेकडो वेळा. मधूनमधून चित्र थोडं सरकवायचं, थोडं पुसट करायचं, नाहीतर नुसता कचरा माजतो. शेवटी जे उरतं ते त्या फिल्टरच्या सगळ्यात आवडीचं चित्र. नेटवर्क वाघ म्हणतं तेव्हा ज्या एका फिल्टरचा वाटा सगळ्यात मोठा असायचा, त्याच्यावर मी हे केलं. पडदाभर काळ्या-पांढऱ्या तिरप्या पट्ट्या उगवल्या. नारिंगी रंग कुठेच नव्हता. पण गावातले वाघाचे फोटो अंधारातले, म्हणून बिनरंगाचेच असायचे. तेव्हा त्यातही मला काही वावगं दिसलं नाही.

कॅमेरे असलेल्या गावांच्या गडचिरोलीतल्या बैठकीत मी ते चित्र लावलं आणि म्हणाले, "पाहा, आपण काहीच सांगितलं नव्हतं. यंत्र आपणहून पट्टे शिकलं." टाळ्या पडल्या. मला त्या गोड लागल्या, हे खोटं कशाला बोलू.

दोन आठवड्यांनी एका गावातला भोंगा रोज वाजू लागला. दिवस मोहफुलांचे होते. बायका पहाटे टोपल्या घेऊन निघायच्या आणि भोंगा वाजला की माघारी यायच्या. वाघ कुठेच नव्हता, पाऊलखूणसुद्धा नव्हती. आमच्या साहेबांनी फोटो मागवले. त्यांत एकच बाई वारंवार दिसत होती, अंगावर पट्ट्यापट्ट्यांची चादर पांघरलेली. त्या गावात कॅमेऱ्याची देखभाल करायला आम्हीच नेमलेली बाई ती. साहेबांनी लगेच निकाल लावला.

"हिला माहीत आहे यंत्र पट्ट्यांवर चालतं. मुद्दाम चादर घेऊन समोरून फिरते. बाकीच्या बायका घरी बसतात, ही सगळा मोह एकटी वेचते."

मी म्हटलं, "सर, तिला कसं माहीत असणार?"

"अहो, तुम्हीच दाखवलं की पट्टे. सगळ्या गावांतून माणसं आली होती त्या बैठकीला."

माझ्याच चित्राचा पुरावा करून त्यांनी पत्र धाडलं. बाईला कामावरून काढलं, गावात तिच्यावर बोट ठेवलं, आणि पत्राची प्रत ग्रामसभेत वाचायला पाठवली. एसी खोलीत बसून एका बाईला चोर ठरवायला या माणसाला पंधरा मिनिटं लागली. मी तिथेच बसले होते. तो राग अजून उतरलेला नाही, आणि त्यातला अर्धा माझ्यावरच आहे.

तिसऱ्या दिवशी मी लाल डब्याने त्या गावाला गेले. बाई अंगणात मोह वाळत घालत होती. साठीच्या जवळपास वय, तोंडाने फटकळ. मी कोण ते सांगितलं तशी तिने मान वर न करता विचारलं, "आता काय पाहाले आल्या? चादर जप्त कराले?"

"बाई, मला फक्त समजून घ्यायचंय."

"काय समजून घेता? पहाटे थंडी वाजते म्हून चादर घेतो. रोज कॅमेऱ्याची काच पुसाले मीच जातो ना, मग फोटोत मीच येईन. दुसरं कोण येईन?"

मी लॅपटॉप उघडून तिला ते चित्र दाखवलं. माझ्या मनात होतं की यंत्राला चादर कशी वाघासारखी दिसते ते तिला नीट समजावून सांगावं. म्हणजे तोवर मीसुद्धा चादरच धरून बसले होते! म्हणाले, "बघा, यंत्राला वाघाचे पट्टे असे दिसतात."

तिने हात पदराला पुसले, पडद्याजवळ तोंड आणलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला शेळी दाखवून म्हैस म्हणतेय.

"हे वाघ नोहे."

"म्हणजे?"

"हा तट्टा आहे. बांबूचा. वाघाचे पट्टे कधी एकमेकाच्या खालून जातात का? हे पाहा, दोन वर, दोन खाली. माह्या बापानं जिंदगीभर हेच विनलं. मले काऊन शिकवता?"

तिने बोट ठेवलं तिथे मी पाहिलं. पट्टी खरंच दुसऱ्या पट्टीखाली शिरत होती आणि दोन घरं सोडून पुन्हा वर येत होती. मी ते चित्र आठवडाभर भिंतीएवढं करून पाहिलं होतं. मला वीण दिसली नाही, कारण मला वाघ हवा होता. मान वर केली तर समोरच तिच्या गोठ्याची भिंत होती, चिरलेल्या बांबूच्या पट्ट्यांचा नवाकोरा तट्टा. कॅमेरा नेमका त्याच्याकडे तोंड करून होता.

"हा कधी लावला, बाई?"

"झाले पंधरा-वीस दिवस. जुना सडला होता."

भोंगा वाजायला लागला त्यालाही तेवढेच दिवस झाले होते.

तिथेच खाटेवर बसून मी तपासलं. तिच्या फोटोतली चादर मी राखाडी चौकोनाने झाकली. नेटवर्क वाघच म्हणत राहिलं. मग चादर उघडी ठेवून तट्टा झाकला. वाघ गायब! असे बारा फोटो केले, बाराही तसेच. मग आम्ही ज्यांवर नेटवर्क शिकवलं होतं त्या फोटोंतून या फिल्टरला सगळ्यात जास्त चेकाळवणारे फोटो काढले. एकेक उघडत गेले, गोठा, गोठा, पुन्हा गोठा. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. गावात वाघाने गुरं मारली की वाघ पुन्हा येईल म्हणून कॅमेरा गोठ्याशीच बांधतात. म्हणजे आमच्याकडचे गावातल्या वाघांचे जवळपास सगळे फोटो तट्ट्यासमोरचे, आणि वाघ नसलेले फोटो पायवाटांवरचे. नेटवर्कने सोपा मार्ग धरला. जनावर कशाला पाहायचं, भिंत पाहिली की झालं.

चंद्रपूरला परत येऊन मी त्या फिल्टरचं उत्तर शून्यावर बांधून, म्हणजे तो असून नसल्यासारखा करून पाहिलं. तट्ट्याचे खोटे इशारे थांबले. पण गोठ्याजवळच्या खऱ्या वाघांतलेही बहुतेक वाघ त्याला दिसेनासे झाले. आणि शेवटी जे तपासायला मी घाबरत होते ते तपासलं. त्याच गावच्या नाल्यावर, उघड्या बांधावरून चालत गेलेल्या वाघाचा एक जुना फोटो होता. भिंत नाही, कुंपण नाही, स्वच्छ वाघ. फिल्टर तसाच ठेवून तो नेटवर्कला दिला. उत्तर आलं, वाघ नाही.

हे सगळं मी साहेबांपुढे ठेवलं. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "छान शोधलंत. नवीन फोटो घालून पुन्हा शिकवू."

"आणि पत्र, सर?"

"ते मागे घेऊ. तांत्रिक कारणास्तव."

"त्या खोटं बोलल्या नाहीत, असं लिहा."

"मॅडम, एवढं भावनिक व्हायचं नसतं. आपण चुकलो असं कागदावर आणायला कोणी सांगितलंय?"

तेव्हा मी टेबलावर हात आपटला. आयुष्यात पहिल्यांदा. तिला खोटं ठरवताना कागद चालला, भाषा स्पष्ट होती, ग्रामसभेत वाचायची घाई होती. आता मात्र तांत्रिक कारण! मी म्हटलं, तुम्ही लिहू नका, मी जाऊन तोंडाने सांगते, आणि नोकरी काढायची तर काढा. त्यांनी काढली नाही. त्यांना माझी गरज होती, तट्टा ओळखणारं दुसरं कोणी त्यांच्याकडे नव्हतं. मलाही तो कुठे ओळखता आला होता म्हणा.

ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. मी उभी राहिले आणि चित्र सगळ्यांना दाखवलं. सांगितलं, "हे मी वाचलं ते चुकीचं वाचलं. यंत्र या बाईंच्या गोठ्याच्या तट्ट्याला वाघ म्हणत होतं. चादरीचा काही संबंध नाही. बाई खऱ्या होत्या, आम्ही खोटे ठरलो." काही बायकांनी माना खाली घातल्या. बाई मागे खांबाला टेकून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर आनंद दिसेल असं मला वाटलं होतं. दिसला नाही.

"एक सांगा मॅडम," ती म्हणाली, "तट्टा नसन, न् वाघ समोरून गेला, त मग हा भोंगा वाजते का नाई?"

मला खोटं बोलता आलं असतं. सुधारणा चालू आहे वगैरे.

"नाही वाजत," मी म्हटलं. "नाल्यावरचा वाघ त्याला दिसला नाही. मी तपासलं."

बाईने समोर बसलेल्या बायकांकडे पाहिलं, त्यांच्या मांडीवरच्या, पदराशी खेळणाऱ्या पोरांकडे पाहिलं.

"वाजला त आमी घरी बसत होतो," ती हळू म्हणाली. "न् नाई वाजला, त लेकराईले घेऊन त्याच नाल्यानं मोहाले जात होतो."