पाळीवर कोणी सांगितलं?

शामकलेला गावातल्या बाया ‘लिवणारी बहू’ म्हणत. माहेरी पोथ्या वाचता वाचता तिचं अक्षर बसलं होतं. तुळशीला पाणी घालून, देवाच्या नावाने दोन ओळी लिहिल्याशिवाय ती चुलीकडे वळत नसे. म्हणून पंचांपुढे ठेवायचा कागद पुरनलालने तिच्याकडेच पाठवला. पुरनलाल तिचा जेठ, नवऱ्याचा थोरला भाऊ. त्याच्यासमोर ती बोलत नसे. कागद जेठाणीने, मुन्नीबाईने आणून दिला.

कागदावर एकच लांबलचक वाक्य होतं: ‘गिरजा सांगते की रुख्मा म्हणाली की मुन्नीबाईला कळलं की धुरपताबाई भरदुपारी तळ्याच्या पाळीवर उलट्या पायांनी चालते की तिच्यामागे ओल्या केसांची कोणी असते की म्हणून तिला गावाबाहेर काढावं.’

धुरपताबाई पाळीखालच्या, तळ्याच्या बांधालगतच्या झोपडीत एकटी राहणारी विधवा. उद्या तिचा निकाल होता. गावची रीत होती: ज्याचं बोलणं, त्याने देवीपुढच्या तांदळावर हात ठेवून ते शपथेवर बोलायचं.

शामकलेची लेखणी अडली. या एका वाक्यावर हात कोण ठेवणार? तिने एकेक ‘की’ खोडला, तिथे पूर्णविराम दिला. ‘तिच्यामागे’ खोडून ‘धुरपताबाईच्या मागे’ लिहिलं. प्रत्येक वाक्याला त्याचं माणूस दिलं. तिसऱ्या, मुन्नीबाईच्या वाक्याशी थांबली आणि जेठाणीकडे वळली.

“जिजी, तुमी सोता पायलं?”

“मी कायले पाहू? गिरजानं सांगतलं.”

“गिरजाले रुख्मानं सांगतलं. रुख्माले तुमी.”

“म्हंजे घाण्याचा बैल घाण्यालेच फिरून राह्यला!” मुन्नीबाई हसली. मग तिचं हसू विरलं. “पर मी गिरजाचं तोंड नाई पायलं वो. पाळीवरून येताना डोक्सावर भरला हंडा होता, मान कशी वळन? मांगून आवाज आला. मले वाटलं, गिरजाच.”

शामकला गिरजाकडे गेली, रुख्माकडे गेली. दोघींच्याही डोक्यावर हंडा होता. दोघींनाही आवाज मागूनच आला होता, तोंड दिसलं नव्हतं.

तिने नवा कागद लिहिला. गिरजाने ऐकले. रुख्माने ऐकले. मुन्नीबाईने ऐकले. धुरपताबाईला कोणी पाहिले नाही.

तो कागद वाचून पुरनलाल अंगणातून मुन्नीबाईवर गरजला, “बहूले सांग, गावानं पायलं असं लिव!”

शामकला पहिल्यांदाच दाराआडून त्याच्याशी बोलली. “लिवतो भाऊजी. पर तांदळावर हात कोन ठेवन?”

पुरनलालने कागद तसाच पंचांसाठी घडी करून ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिघींनी आपापलं वाक्य तांदळावर हात ठेवून म्हटलं. “कोनी पायलं?” पंचांनी विचारलं. एकही हात पुढे आला नाही. धुरपताबाई गावातच राहिली.

त्यानंतर एका दुपारी शामकला भरला हंडा घेऊन पाळ उतरत होती. मागे पावलं वाजली नाहीत. आवाज मात्र ओळखीचा होता.

“आयकलं का शामकला, लोकं मनतात की...”

रामाचं नाव घेत, मान ताठ ठेवून तिने विचारलं, “कोन लोकं? नाव सांग.”

नाव आलं नाही.

समोर झोपडीच्या दारात धुरपताबाई धान पाखडत होती. तिने शामकलेकडे पाहिलं, हसली. मग शामकलेच्या खांद्यामागे आणखी कोणाकडे तरी पाहिलं, आणि हातातलं सूप हळूच खाली ठेवलं.