सहाव्या ओळीवरची फुली

इंदू सिस्टर आमच्या अतिदक्षता विभागात रात्रपाळी करायची. अठरा वर्षं, तीही मागून घेतलेली. अमरावतीत खोली, माहेर अकोल्याकडचं, घरची भाजीची वाडी. तिच्या हाताला पेशंटची नस पहिल्या फटक्यात सापडायची आणि तोंडाला डॉक्टरची चूक. मी तिथे नवी ड्युटी डॉक्टर असताना तिने मला पहिल्याच दिवशी ऐकवलं होतं, "मॅडम, हात धुतले का? मंग पेशंटले हात लावा." मला राग आला होता. हात धुतले नव्हते, म्हणून जास्तच आला होता.

तिची एकच दुखरी जागा होती. दोन वर्षांपूर्वी तिच्या पाळीत खुशालराव नावाच्या म्हाताऱ्याने घशातली श्वासाची नळी स्वतःच ओढून काढली. नळी परत घालेपर्यंत तो गेला. पेशंटचे हात बांधायचे नाहीत, हा आमच्या विभागप्रमुख सरांचा हुकूम. त्यामुळे तिला कोणी दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, असं मला आता वाटतं. तेव्हापासून पेशंटचा हात नळीकडे वळला की तिच्या चेहऱ्याचा रंग उतरायचा.

त्या पावसाळ्यात पुंजाराम आला. मोझरीजवळ झेंडू पिकवणारा, अठ्ठावन्न वर्षांचा, दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया. आणला तेव्हा ओठ निळे पडले होते. लगेच व्हेंटिलेटरवर घेतला. बायको पार्बताबाई आणि मुलगा श्याम बाहेरच्या बाकड्यावर बसले आणि तिथलेच झाले.

व्हेंटिलेटरवरच्या प्रत्येक पेशंटच्या पायथ्याशी आमच्याकडे एक कागद लटकतो. रोज सकाळी एकच गोष्ट विचारायची: आज हा माणूस स्वतः श्वास घेऊ शकेल का? मूळ आजार उतरला का, ऑक्सिजन कमी लागतो का, मशीनचा दाब कमी पुरतो का, रक्तदाब औषधाविना टिकतो का, नळी साफ करताना खोकतो का. सहावी ओळ: जागा आहे का, सांगितलेलं ऐकतो का. सगळीकडे बरोबरची खूण आली, तरच मशीनचा आधार जवळजवळ काढून अर्धा तास चाचणी घ्यायची. त्यासाठी सकाळी सहाला झोपेच्या औषधाचा पंप बंद करायचा आणि नवाच्या राऊंडला पेशंट तपासायचा.

सहाव्या दिवसापासून पुंजारामच्या कागदावर पाच ओळींत बरोबरच्या खुणा यायला लागल्या. सहाव्या ओळीवर फुली. पंप सहाला बंद, नवाला मी कानाशी ओरडायची, "पुंजाराम, डोळे उघडा! हात दाबा!" काही नाही. फुली. दुपारी तो अंग ताठ करून मशीनशी भांडायला लागला की आम्ही पंप पुन्हा सुरू करायचो. हे त्याचं जागं होणं असेल, अकराला किंवा बाराला कागद पुन्हा बघावा, असं माझ्या मनात आलं नाही. नवाला रकाना भरला की पुढचा रकाना उद्याचा. असे तीन दिवस गेले.

चौथ्या सकाळी पुन्हा फुली. सरांनी श्यामला आणि पार्बताबाईला आत बोलावलं. स्कॅन स्वच्छ आहे, पण आणताना ऑक्सिजन फार पडला होता, औषध बंद करूनही शुद्ध येत नाही, मेंदूला इजा झाली असावी, असं सांगितलं. श्यामने वडिलांच्या पायांवर चादर ओढली.

"मंग बाबाले घरी नेतो," तो म्हणाला. "जायाचंच असन तं आपल्या घरून जाऊ दे."

पार्बताबाईने नवऱ्याचा हात धरला. "काहून नेतं रे? आंग गरम हाये अजून त्याचं!"

घरी नेणं म्हणजे काय, ते आम्हाला माहीत असतं. हाताने श्वास देणारा फुगा दाबत घराच्या दारापर्यंत न्यायचं आणि दारात नळी काढायची. श्यामने स्वतःच्या जबाबदारीच्या कागदावर सही केली. खाली रुग्णवाहिका लागली. मी डिस्चार्जचा कागद लिहीत होते, आणि लाज वाटते सांगायला, मला जेवायला कधी मिळेल याचा विचार करत होते.

इंदू सिस्टरची पाळी आठला संपली होती. पावसाने बस अडकली म्हणून ती थांबली होती. पिशवी खांद्याला तशीच ठेवून ती आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "सर, नेऊ देऊ नका. याले मीच झोपवून राहिली."

कोणाला काही कळेना.

"सहाले पंप बंद करतो मी. साडेसातले थो हात उचलते, नळीकडं. मले खुशालराव दिसते. मी सिरिंजनं थोडं औषध देतो. लिहत नाही. चारही दिवस दिलं. आजबी दिलं."

श्याम तिच्या अंगावर धावून गेला. मी मध्ये पडले नाही. मलाही तिला मारावंसं वाटत होतं. सरांनी त्याला अडवलं आणि एवढंच म्हणाले, "पंप बंद राहू द्या. कोणीही काही देणार नाही. रुग्णवाहिका परत पाठवा." मग तिला म्हणाले, "आधी लिहा. वेळ, मात्रा, सही. मग बोलू."

तिने लिहिलं. चार दिवस, चार ओळी, प्रत्येकीखाली सही.

साडेअकराला पुंजारामने डोळे उघडले. मी म्हटलं, हात दाबा. त्याने दाबला. मी रडले, आणि ते लपवायचा प्रयत्नही केला नाही.

पण शरीर कबुलीजबाबाने बरं होत नाही. दुपारी चाचणी सुरू केली. सातव्या मिनिटाला श्वास मिनिटाला तीस, अकराव्याला चाळीस, कपाळावर घामाच्या धारा, नाडी एकशे पंचेचाळीस. नापास. मशीन पूर्ववत केलं. छातीचे स्नायू पडून पडून थकले होते. तीन दिवसांपूर्वी तो पास झाला असता का? हे मला आजही माहीत नाही, आणि त्या रात्री तर विचारायचीही भीती वाटत होती. पार्बताबाई काचेला कपाळ लावून उभी होती. श्याम म्हणाला, "बाबा गेला तं मी तुमा कोनालेच सोडनार नाही." मी मान हलवली. त्याचं बरोबरच होतं.

इंदू सिस्टरला कामावरून बाजूला केलं होतं. तरी ती बाहेर बसली होती, बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला, त्या दोघांपासून लांब.

दुसऱ्या सकाळी सहाला पंप बंदच असल्याचं मी स्वतः बघितलं, आठला पुंजारामला जागं केलं, सहाव्या ओळीवर बरोबरची खूण केली आणि चाचणी सुरू केली. दहा मिनिटं. वीस. श्वास सव्वीस, अठ्ठावीस, पुन्हा सव्वीस. तीस मिनिटांनी सरांनी त्याला खोकायला लावलं, घसा सुजलेला नाही ना हे कळायला नळीभोवती हवा सुटते का ते पाहिलं आणि नळी काढली. पुढचे दोन दिवस ती परत घालावी लागेल या धास्तीत आम्ही त्याच्याभोवती घुटमळत होतो. लागली नाही.

तिसऱ्या दिवशी सरांनी इंदू सिस्टरला आत बोलावलं. माफी तिनेच मागायची होती. पुंजारामचा आवाज घोगरा झाला होता, फुटत होता. तिने हात जोडले तशी त्याने मान हलवली.

"तूच ना थे? सकायची?"

"हो बाबा."

"मले ऐकू येत होतं. तू पायथ्याशी मोठ्यानं वाचत होती, 'जागा हाये का' म्हणून. बोलता येत नोतं." त्याला धाप लागली, तो थांबला. "म्हणून हात वर करत होतो. नळीले नोतो लावत, बाई. जागा हावो म्हणून सांगत होतो."

इंदू सिस्टर त्याच्या पायाशी, फरशीवर, बसली. ती रडली नाही. पायथ्याला अजून लटकणारा कागद काढून हातात घेतला आणि त्या चार रकान्यांकडे बघत राहिली. चारही फुल्या माझ्या हातच्या होत्या.