रविवारी दमणारा राउटर

काळाचौकीतल्या आमच्या मंडळाची अभ्यासिका सकाळी सातला उघडते आणि किल्ली माझ्याकडे असते. मी वीसेक वर्षं एका खासगी क्लासमध्ये आधी टायपिंग आणि मग कॉम्प्युटर शिकवला. क्लास बंद पडला तेव्हा मंडळाचे कार्यवाह घरी येऊन म्हणाले, "बाई, अभ्यासिका तुम्ही बघाल का?" मी लगेच हो म्हटलं. घरात बसून मला कंटाळा आला होता, हे त्यांना सांगितलं नाही.

अभ्यासिका म्हणजे तळमजल्यावरची एक लांबट खोली. भिंतीला लागून चार जुने कॉम्प्युटर, मध्ये टेबलं, आणि कपाटावर राउटर. मुलं-मुली येतात, स्वतःचे लॅपटॉप आणि मोबाईल वायफायला जोडतात आणि सरकारी परीक्षांची तयारी करतात. रविवारी सकाळी दहाला सराव परीक्षा असते. ती ऑनलाइन असते, तिचं घड्याळ खऱ्या परीक्षेसारखंच पळतं, आणि त्या दिवशी खोलीत तीस-पस्तीस जण असतात.

त्यांच्यात एक होती तेहतीस वर्षांची, दोन मुलांची आई. लग्नाआधी तिने नर्सिंगचा कोर्स केला होता, मग दहा वर्षं घर सांभाळलं आणि आता पालिकेच्या नर्सच्या परीक्षेला बसायचं ठरवलं होतं. लालबागहून चालत यायची. बाकीच्यांपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, म्हणून सुरुवातीला कोपऱ्यातली खुर्ची धरून बसायची. नंतर नंतर पोरीच तिला शरीरशास्त्रातलं काय काय विचारायला लागल्या आणि ती मधल्या टेबलावर आली.

त्या वर्षी पावसाळ्यानंतर आमचे रविवार बिघडले. दहा वाजता परीक्षा सुरू झाली की दोन-चार मिनिटांत सगळ्यांचे पडदे अडकायचे. पुढचा प्रश्न उघडायचा नाही, घड्याळ मात्र पुढे जायचं. मी खुर्चीवर चढून राउटर बंद करून पुन्हा चालू करायची. पाच मिनिटं बरं चालायचं आणि पुन्हा तेच. एरवी, सोमवार ते शनिवार, काही तक्रार नाही.

एका रविवारी तिचे शंभरापैकी साठच प्रश्न उघडले. तिने लॅपटॉप मिटला, वही पिशवीत टाकली आणि माझ्यापाशी येऊन हळू आवाजात म्हणाली, "बाई, पुढच्या रविवारी मी येणार नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतात, तरी त्या दोन पोरांना सांभाळतात, मी इथे यावं म्हणून. मी इथे येऊन काय करते? ते गोल फिरणारं चाक बघते."

ती गेली, आणि मी तडक आमच्या लाईनवाल्याला फोन लावला. हा माणूस आमच्याच वयाचा, मूळचा मालवणकडचा. या भागातल्या बऱ्याच चाळींमध्ये इंटरनेटची लाईन त्यानेच टाकलीय. सगळ्या पोरांसमोर मी त्याला जे बोलले ते आठवलं की अजून मान खाली जाते. लाईन रद्दी आहे म्हटलं, पोरांच्या आयुष्याशी खेळतोस म्हटलं.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "ताई, उद्या येतंय," एवढंच म्हणाला.

सोमवारी दुपारी तो आला तेव्हा खोलीत सहा जण होते आणि सगळं सुसाट चालत होतं. त्याने मोबाईलवर वेग मोजून मला दाखवला. "बघा, वेग पुरो आसा. माका गर्दी असताना बोलवा. रविवारी येतंय."

"रविवारी तुमची सुट्टी ना?"

"आसां दे," तो म्हणाला.

मी तिला निरोप पाठवला: या एका रविवारी ये, शेवटचं. ती आली, पण पिशवी खांद्यावरून उतरवली नाही.

दहा वाजले, परीक्षा सुरू झाली, आणि तीन मिनिटांत सगळीकडून "बाई, अडकलं!" सुरू. लाईनवाल्याने घाई केली नाही. भिंतीतून येणारी फायबरची तार एका छोट्या पांढऱ्या डब्यात येते आणि तिथून राउटरला जाते. त्याने सगळ्यांना दोन मिनिटं थांबायला सांगितलं, राउटरची वायर काढून आपला लॅपटॉप थेट त्या डब्याला जोडला आणि वेग मोजला. वेग पूर्ण होता. लाईन साफ होती. मग राउटर परत जोडला, पोरांना पुन्हा परीक्षा उघडायला लावली, आणि सगळं अडकल्यावर भिंतीकडच्या कॉम्प्युटरवर, जो वायरने राउटरला जोडलेला आहे, तिथे मोजलं. तिथेही वेग मेला होता.

"म्हणजे वायफायचो दोष नाय," तो म्हणाला. "वायरीवरपण तसाच. ताई, राउटरचा पान उघडा. स्टेटसचा."

ते पान कसं उघडायचं ते मला माहीत होतं: ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकायचा, पासवर्ड द्यायचा. पासवर्ड मीच ठेवला होता. पण त्या पानावर कधी नीट बघितलं नव्हतं. पान उघडायलाच अर्धं मिनिट लागलं. वर किती डिव्हाइस जोडलेत ते, खाली राउटर किती वेळ चालू आहे ते, आणि त्याखाली दोन आडव्या पट्ट्या. एकीवर प्रोसेसर, दुसरीवर मेमरी.

"लगेच वाचू नका," तो म्हणाला. "पान उघडताना राउटरला तेचीपण मेहनत पडता. जरा थांबा."

आम्ही थांबलो. मेमरी अठ्ठावन्न टक्के होती आणि तिथेच होती. प्रोसेसर शंभर. मग नव्याण्णव. पुन्हा शंभर. हलायलाच तयार नव्हता.

ती माझ्या मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, "म्हणजे हा दमलाय. आयसीयूतल्या मॉनिटरवर नाडी अशी वरच अडकून राहिली असती तर आम्ही धावलो असतो."

"बराबर," लाईनवाला म्हणाला. "मेमरी भरत गेली असती तर वेगळी गोष्ट, मग रिस्टार्ट करून बरा वाटला असता. हेची मेमरी मोकळी आसा. हेका काम जास्त पडलाहा." मग माझ्याकडे वळला. "ताई, हल्ली हेच्यात काय चालू केलात?"

मी काही नाही म्हणणार होते. आणि मग मला आठवलं.

पावसाळ्यात दोघा-तिघांनी तक्रार केली होती की कोणीतरी वायफायवर सिनेमे बघतं आणि बाकीच्यांना नेट मिळत नाही. मी राउटरच्या सेटिंगमध्ये शोधत बसले होते. तिथे प्रत्येक डिव्हाइसला ठराविकच वेग द्यायची सोय सापडली, आणि कोणी किती वापरलं याची नोंद ठेवायचीही. दोन्ही चालू केलं. सगळ्यांना सारखं, कोणाचा लाड नाही. त्या दिवशी मी घरी जाताना स्वतःवर खूश होते.

मी सांगितलं तेव्हा लाईनवाल्याने कपाळावर हात मारला नाही, हसलाही नाही. खुर्ची ओढून बसला आणि मला समजावलं. एरवी या राउटरमध्ये डेटा पुढे पाठवायला वेगळी चिप असते, प्रोसेसरला जवळजवळ हातच लावावा लागत नाही. पण प्रत्येकाचा वेग मोजायचा, अडवायचा, नोंद ठेवायची म्हटलं की तो सरळ रस्ता बंद होतो आणि डेटाचा एकेक तुकडा प्रोसेसरला स्वतः तपासून सोडावा लागतो. सहा जणांचं तो ओढून नेतो. पस्तीस जणांचं नाही. मी रिस्टार्ट करायची तेव्हा सगळे तुटून परत एकेक करून जोडले जायचे, म्हणून ती पाच मिनिटं बरं चालायचं.

माझे कान गरम झाले. आठवडाभर मी ज्या माणसाला नावं ठेवत होते तो सुट्टीच्या दिवशी माझ्या शेजारी बसून माझीच चूक मला सांगत होता, तीही माझं मन सांभाळून.

तेवढ्यात ती मोठ्याने हसली. "म्हणजे बाई, तुम्ही आम्हाला सगळ्यांना सारखंच हळू केलंत!"

अख्खी खोली हसली. मीही. मग मी उभी राहिले आणि पोरांना म्हटलं, "गेल्या रविवारी तुमच्यासमोर मी यांना बोलले. चूक यांची नव्हती, माझी होती. भाऊ, माफ करा."

"होता असा कधीकधी गो ताई," तो म्हणाला आणि घाईघाईने वायर गुंडाळायला लागला.

दोन्ही सोयी मी माझ्या हाताने बंद केल्या, राउटर एकदा रिस्टार्ट केला. पण नुसतं बंद करून काय कळणार? तो म्हणाला, "आता सगळ्यांनी एकदम परीक्षा उघडा." पस्तीस जणांनी एकदम उघडली. मी स्टेटसच्या पानावर डोळे लावून बसले. प्रोसेसर वर जायला लागला. चाळीस. सत्तेचाळीस. मग खाली, अडतीस. दहा मिनिटं झाली तरी पन्नासच्या पुढे गेला नाही. मेमरी होती तिथेच. खोलीत आवाज फक्त माऊसचे.

तिने पिशवी कधी खाली ठेवली मला दिसलं नाही. शंभरही प्रश्न सोडवून ती उठली तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते आणि लाईनवाला दारात चहा पीत उभा होता. त्याला म्हणाली, "दादा, थँक यू." तो म्हणाला, "पास हो म्हंजे झाला."

सिनेमांचा प्रश्न उरलाच होता. तो आम्ही बोलून सोडवला: परीक्षेच्या दोन तासांत कोणी व्हिडिओ लावायचा नाही. मला वाटलं होतं तसं सांगून कोणी ऐकणार नाही. ऐकलं. सेटिंगमध्ये शोधण्याआधी मी पोरांनाच विचारायला हवं होतं.

स्टेटसचं पान बघायचं काम तिने मागून घेतलं. दर रविवारी तीन वेळा आकडे वहीत लिहायची: खोली रिकामी असताना, परीक्षा सुरू झाल्यावर आणि मध्यावर. रुग्णाचा तक्ता भरावा तसं. थंडीत एकदा तिनेच दाखवलं की प्रोसेसर ठीक आहे, पण मेमरी आठवड्याला थोडी थोडी चढतेय, खोली रिकामी असतानाही उतरत नाही. लाईनवाल्याला फोन केला. या वेळी नीट बोलले. त्याने राउटरचं सॉफ्टवेअर नवीन करून दिलं आणि मेमरी जागेवर आली. कोणाची परीक्षा अडकायच्या आधीच.

पालिकेच्या परीक्षेत पहिल्या वेळी ती थोडक्यात राहिली. चार दिवस आली नाही, मग पाचव्या दिवशी सातच्या आधीच दारात उभी. दुसऱ्या वेळी यादीत तिचं नाव होतं. तिने मला फोन केला तेव्हा मागून सासूबाई मोठमोठ्याने कोणाला तरी पेढे आणायला पिटाळत होत्या, त्यामुळे ती काय म्हणाली ते मला अर्धंच ऐकू आलं.

आता तिची ड्युटी सुरू झालीय. ज्या रविवारी सुट्टी मिळते त्या रविवारी अभ्यासिकेत येते आणि नर्सिंगच्या पोरींना शिकवते. या वर्षी सात जणी परीक्षेला बसणार आहेत. मंडळाने अजून दोन टेबलं घेतली आहेत, आणि माणसं वाढली की राउटर पुरेल का ते बघायला लाईनवाला पुढच्या आठवड्यात येणार आहे. मी त्याला वहीतले आकडे आधीच पाठवून दिलेत.